‘सगळं धरून’ म्हणजे नेमकं काय काय धरून?

*“माझी आई ६८ वर्षांची. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण करायला सांगितलंय. धाकटा भाऊ लिस्बनला नोकरीला असतो. त्याने तिथल्या एका खासगी इस्पितळाचं दोन पानी कोटेशन पाठवलंय, पोर्तुगीजमध्ये. आमच्या वाड्यावर पोर्तुगीज अमदानीत लिसेवात, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज शाळेत, शिकलेले एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी ते मराठीत करून दिलं. एकूण ९,४०० युरो, तीन दिवस, सगळं धरून. भाऊ म्हणतो, तिकीट काढ. पणजीच्या इस्पितळाचा अंदाज याहून बराच कमी आहे, पण त्यांनी इम्प्लांटचे पैसे वेगळे लिहिलेत, म्हणून तो आकडा फसवा वाटतो. भाषांतर तर झालंय. एवढंच सांगा, लिस्बनचा भाव योग्य आहे का?” – एक वाचक, फोंडा*

कोटेशनची दोन्ही पानं आणि मास्तरांचं भाषांतर तुम्ही सोबत जोडलंत, ते फार बरं केलंत. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. मास्तरांची भाषा अजून पक्की आहे. फक्त लिसेवात इस्पितळाचं बिल वाचायला शिकवत नसत, आणि या कागदाची सगळी गोम तिथेच आहे.

भाव योग्य आहे का, याचं उत्तर मला आज देता येणार नाही, कारण या कागदावर भाव लिहिलेलाच नाही. वर जो शब्द छापलाय त्याचा अर्थ ‘खर्चाचा अंदाज’ असा आहे आणि मास्तरांनी तो तसाच दिलाय. तुमच्या पत्रात येईपर्यंत त्याची ‘किंमत’ झाली. मी पणजीत एका इस्पितळाच्या बिलिंगच्या खिडकीआड बरीच वर्षं काढली. तिथे रोज हेच बघायची: माणसं शेवटचा आकडा लक्षात ठेवतात आणि तो कशावर उभा आहे ते कागदावरच सोडून जातात. लग्नाच्या जेवणाचं कोटेशन घेताना आपण ‘किती पानं धरलीत?’ हे हटकून विचारतो. इथे तोच प्रश्न विचारायचा राहिलाय. ९,४०० युरो हे एका कल्पनेतल्या पेशंटचे आहेत. त्याचा गुडघा साधा आहे, ऑपरेशन वेळेत झालंय, रक्त लागलेलं नाही आणि तिसऱ्या रात्रीनंतर तो आपल्या पायांनी घरी गेलाय. तुमची आई त्या पेशंटशी किती जुळते, हे आधी बघायला हवं.

पहिल्या पानावर पाच ओळी आहेत. सर्जन, एक मदतनीस सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून मानधन २,९०० युरो. ऑपरेशन थिएटर २,३५०. तीन दिवसांची खोली १,३५०. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू १,१००. कृत्रिम सांधा १,७००. बेरीज बरोबर ९,४००. (पोर्तुगीज आकड्यांत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो, म्हणून १.३५०,०० हे एक हजार तीनशे पन्नास. मास्तरांनी ते नीट वाचलंय, पण तुमच्या भावाने मेसेजमध्ये एका ठिकाणी १.३५ लिहिलंय. मूळ कागद त्याला परत एकदा दाखवा.)

दुसरं पान बारीक अक्षरांत आहे, आणि खरं कोटेशन तेच. मास्तरांनी तिथल्या काहीच ओळी मराठीत केल्यात आणि बाकीच्यांचा सारांश दिलाय: ‘नेहमीच्या अटी लागू’. त्यांना दोष देत नाही, त्या अटी वाचायला कंटाळवाण्याच असतात. पण इस्पितळाच्या कागदाचं भाषांतर करताना सारांश चालत नाही. प्रत्येक ओळीला क्रमांक घाला, मूळ ओळ तशीच उतरवा आणि तिच्याखाली मराठी लिहा. मग एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पॅकेजमध्ये आहे असं स्पष्ट लिहिलेलं. दुसऱ्यात नाही असं स्पष्ट लिहिलेलं. तिसऱ्यात ज्याबद्दल कागद काहीच बोलत नाही ते. पहिले दोन रकाने भाषा जाणणारा कोणीही भरू शकतो. तिसरा भरायला या ऑपरेशनमध्ये काय काय लागतं ते ठाऊक असावं लागतं, आणि नंतर भांडणं होतात ती याच रकान्यावरून.

तुमच्या कागदाचा दुसरा रकाना बऱ्यापैकी भरतो. ऑपरेशनआधीच्या तपासण्या, रक्त आणि रक्तघटक, पॅथॉलॉजी, अतिदक्षता विभाग, सुट्टी मिळाल्यानंतरची फिजिओथेरपी, सोबतच्या माणसाची राहण्याची सोय, हे सगळं पॅकेजबाहेर, असं तिथे छापलंय. रक्ताच्या ओळीत ‘इव्हेंतुआल’ असा शब्द आहे. मास्तरांनी त्याचं ‘शेवटी द्यायचं रक्त’ केलं, तो इंग्रजीचा परिणाम. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘लागलंच तर’. फरक लहान दिसतो. पण तुमच्या भाषांतरानुसार रक्त द्यायचं ठरलेलंच आहे आणि ते आकड्यात आहे. मुळात ते अनिश्चित आहे आणि आकड्याबाहेर आहे. तसाच ‘कावसांव’ हा शब्द. ती ‘सावधगिरी’ नव्हे, दाखल होण्याआधी भरायची अनामत रक्कम आहे. तुमच्या कागदावर ती अंदाजाच्या पूर्ण रकमेएवढी आहे.

आता कृत्रिम सांध्याची ओळ. इथे जरा थांबते, कारण तुमचा पणजीबद्दलचा संशयही इथूनच निघालाय.

पहिल्या पानावर १,७०० युरो आहेत. दुसऱ्या पानावर त्याची तळटीप आहे, आणि तिचं मास्तरांचं भाषांतर असं: ‘सांध्याची किंमत संदर्भासाठी दिली असून ती अचूक राहील.’ मूळ वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे: ‘सांध्याची रक्कम आधार म्हणून धरली आहे, प्रत्यक्षात जे साहित्य बसवलं जाईल त्यानुसार तिचा हिशेब जुळवला जाईल.’ घोटाळा ‘आसेर्तु’ या शब्दाने केला. शब्दकोशात त्याचा एक अर्थ ‘अचूकपणा’ असा मिळतो, पण हिशेबाच्या कागदावर तो शब्द देण्याघेण्याची जुळवाजुळव सांगतो. म्हणजे ही ओळ उघडी आहे. सांधा २,६०० चा बसला तर ९०० तुमच्याकडून येणार. १,४०० चा बसला तर ३०० परत मिळतील, अशी किमान आशा धरायची. पण परत मिळण्याबद्दल कागद गप्प आहे, म्हणून ती बाब तिसऱ्या रकान्यात.

किंमत का हलते, हे समजायला इम्प्लांट म्हणजे काय ते थोडं बघू. ती एक वस्तू नसते. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसतो तो फिमोरल भाग, धातूचा. नडगीच्या हाडावर बसते ती टिबियल थाळी, तीही धातूची. दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी असते, तिला इन्सर्ट म्हणतात. चौथं म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला बसणारं छोटं बटण. हे सगळेच सर्जन बसवत नाहीत. काही नेहमी बसवतात, काही वाटी बघून ठरवतात. हे भाग हाडाला चिकटवायला बोन सिमेंट लागतं. ते कुणी इम्प्लांटमध्ये धरतात, तर कुणी वापरून टाकायच्या वस्तूंमध्ये. तुमच्या कागदावर फक्त ‘सांधा’ एवढंच आहे. तीन भाग की चार, सिमेंट कुठल्या ओळीत, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, यातलं काहीच नाही.

गादीची जाडी ऑपरेशनच्या टेबलावरच ठरते. तिने किमतीत सहसा फरक पडत नाही, त्याची काळजी नको. फरक पडतो तो हाड झिजून खड्डा पडलेला असेल किंवा पाय फार वाकलेला असेल तर. मग थाळीला खाली लांब दांडा जोडावा लागतो, खड्डा भरायला धातूचे तुकडे लागतात, कधी जास्त आधार देणारा वेगळ्या बांधणीचा सांधा घ्यावा लागतो. अशा वेळी इम्प्लांटची किंमत थोडी नव्हे, चांगलीच वाढते. तुम्ही लिहिलंय की आईचे पाय ‘बरीच वर्षं धनुष्यासारखे’ आहेत. म्हणून मला सगळ्यात मोठा प्रश्न पडला तो हा: लिस्बनच्या सर्जनने तिचा एक्स-रे बघितलाय का? कागदावर तसा उल्लेख नाही. उलट ‘प्रत्यक्ष तपासणीनंतर बदल संभवतो’ अशी ओळ आहे. म्हणजे आज तुमच्या हातात आहे ते न पाहिलेल्या गुडघ्याचं कोटेशन. आईला उभं करून, पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे पाठवा, आणि जमलं तर कमरेपासून घोट्यापर्यंतच्या पूर्ण पायाचाही. झोपवून काढलेल्या एक्स-रेत पायाचा वाकडेपणा आणि सांध्यातली फट नीट कळत नाही. तो बघून सर्जनने ‘साधा सांधा पुरेल’ किंवा ‘दांडा लागेल’ एवढं लिहून दिलं, की १,७०० च्या ओळीला काही अर्थ येईल.

कंपनी आणि मॉडेल विचारायचं आणखी एक कारण आहे, पैशापलीकडचं. काही वर्षांनी नुसती गादी झिजली आणि ती बदलायची वेळ आली, तर ती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलला बसणारी लागते. ऑपरेशन लिस्बनला झालेलं आणि आई परत फोंड्याला, तर गादी बदलणारा सर्जन गोव्यातला असणार. ते मॉडेल भारतात मिळतं का, हे आत्ता पणजीच्या सर्जनला विचारता येतं. नंतर विचारून उपयोग नाही. युरोपीय संघात २०२१ च्या मे महिन्यापासून लागू असलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमांनुसार असा सांधा बसवलेल्या पेशंटला इम्प्लांट कार्ड द्यावं लागतं. त्यावर उत्पादकाचं नाव, उपकरणाचं नाव, लॉट किंवा सिरियल क्रमांक असतो. ते कार्ड हातात घेतल्याशिवाय इस्पितळ सोडू नका, आणि त्याचा फोटो भावाकडे व तुमच्याकडे दोघांकडे ठेवा.

आता पणजी. त्यांनी इम्प्लांट वेगळं लिहिलं म्हणून तुम्हाला आकडा फसवा वाटला. मला तर त्या दोन कागदांत तोच जास्त मोकळा वाटतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यासाठी ७६,६०० रुपये अशी मर्यादा होती, जीएसटी वेगळा. नंतर या मर्यादा बदलत गेल्या आहेत, म्हणून आजचा आकडा इस्पितळाकडूनच लिहून घ्या. त्याच आदेशात इस्पितळांना सांगितलंय की बिलात इम्प्लांटची किंमत ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांकासह वेगळी दाखवा. पणजीच्या इस्पितळाने नियमाने सांगितलंय तेच केलंय. वेगळी लिहिलेली रक्कम तुम्ही ताडून बघू शकता. पॅकेजच्या पोटात गेलेली रक्कम ताडता येत नाही. मात्र दोन कागदांची तुलना करताना पणजीच्या आकड्यात इम्प्लांट मिळवायला विसरू नका, नाहीतर उलट्या बाजूने फसाल.

खोलीची ओळ साधी दिसते. ‘तीन दियारियापर्यंत’ असं छापलंय. दियारिया म्हणजे एका दिवसाचं खोलीभाडं. मास्तरांनी ‘तीन दिवस’ केलं, ते शब्दाला धरून बरोबर आहे. पण इस्पितळाचा दिवस कुठून कुठे मोजतात? काही ठिकाणी मध्यरात्रीला मोजतात, काही ठिकाणी दाखल झाल्या वेळेपासून चोवीस तास, काही ठिकाणी सकाळच्या ठरावीक वेळेला चेकआउट असतो, हॉटेलसारखा. समजा ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे आणि आईला रविवारी संध्याकाळीच दाखल व्हायला सांगितलं. रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री झाल्या, की बुधवारी सकाळी पॅकेज संपलं. ऑपरेशननंतर तिला मिळाल्या दोनच रात्री. सुट्टी देताना फिजिओथेरपिस्ट बघतात की पेशंट वॉकर घेऊन संडासापर्यंत जातो का, दोन-चार पायऱ्या चढतो का, दुखणं गोळ्यांवर आटोक्यात आहे का. काही पेशंट दुसऱ्याच दिवशी हे करतात. तुमच्या आईला मधुमेह आहे आणि डावा गुडघाही दुखतो, तर मी चार-पाच रात्री धरून चालेन. त्या जास्त लागल्या तर त्यात विशेष काही बिघडलं असंही नाही.

त्या जादा रात्रींचा दर कागदावर नाही. ‘चालू दरपत्रकाप्रमाणे वेगळे आकारले जाईल’ एवढंच आहे. १,३५० भागिले तीन म्हणजे ४५० युरो रोज, असा हिशेब तुम्ही समासात पेन्सिलीने केलाय. तो पॅकेजच्या आतला दर झाला. बाहेरचा तोच असेल असं नाही. दुसरं, पॅकेज संपल्यावर वाढतं ते फक्त खोलीभाडं का? आपल्याकडच्या बिलिंगमध्ये याला ‘ओपन बिल’ म्हणतात. पॅकेजचे दिवस संपले की त्या क्षणापासून प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक ड्रेसिंग, डॉक्टरांचा प्रत्येक राउंड, फिजिओची प्रत्येक फेरी सुटी लागते. खोलीचं भाडं ४५० च राहिलं तरी दिवसाचं बिल त्याहून बरंच वर जाऊ शकतं. काही इस्पितळांत तर गुंतागुंत झाली की अख्खं पॅकेजच रद्द होतं आणि पहिल्या दिवसापासूनचं बिल सुटं बनतं. त्याला आपल्या भाषेत ‘पॅकेज तुटलं’ म्हणतात. तुमच्या कागदावर ते तुटतं का आणि कशाने तुटतं, याबद्दल चकार शब्द नाही. तिसरा रकाना.

आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्र. वय आणि मधुमेह बघून भूलतज्ज्ञ कधी कधी ती रात्र देखरेखीच्या खास खोलीत काढायला सांगतात. अतिदक्षता विभाग पॅकेजबाहेर, हे छापलंय. पण ही मधली खोली अतिदक्षता विभागात मोजतात की तीन दिवसांत, हे छापलेलं नाही. माझ्या अनुभवात अशी रात्र ठरलेलीच असते आणि घरच्यांना ती बिलावर पहिल्यांदा भेटते.

या सगळ्याचा मिळून अंदाज घेऊ. धरून चाला, खात्रीने नव्हे: जादा दोन रात्री, त्याच ४५० च्या दराने, ९०० युरो. सांधा २,६०० चा बसला, आणखी ९००. सुट्टीनंतर फिजिओच्या दहा फेऱ्या, ३५ युरोची एक म्हणून, ३५०. ९,४०० चे ११,५५० झाले, आणि यात काहीही वाईट घडलेलं नाही. रक्त नाही, देखरेखीची खोली नाही, ऑपरेशनआधीच्या तपासण्याही नाहीत. सोबत राहणाऱ्या तुमचं तिकीट आणि बिनपगारी रजा नाही. शिवाय ऑपरेशननंतर लगेच लांबचा विमानप्रवास डॉक्टर करू देत नाहीत. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्यामुळे कित्येक आठवडे तिथेच राहावं लागतं. भावाचं घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, तो दिवसभर कामाला असताना आईजवळ कोण, हे कोटेशनात कधीच नसतं आणि खर्चात नेहमी असतं.

तिकिटाचं तर नंतर बघू. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी जायचं तर शेंगेन व्हिसाच्या अर्जातही उपचार हाच हेतू लिहावा लागतो, आणि इस्पितळाचं पत्र व पैशांची सोय दाखवावी लागते. व्हिसासाठी घेतात तो किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो. ठरलेला गुडघा त्यात बसत नाही. ‘विम्यातून निघेल’ असं भावाने लिहिलंय, ती आशा सोडून द्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली: लिस्बन महाग, म्हणून तिथलं काम जास्त भरवशाचं. मुलगा तिथे असेल, आईला त्याच्याजवळ राहायचं असेल, तर ते जाण्याचं पुरेसं कारण आहे, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तर माझं काही म्हणणं नाही. फक्त ते कारण म्हणून मोकळेपणाने घरात बोला. कोटेशनच्या आडून नको. आणि पणजीचा निर्णय पैशांवर अडला असेल, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात आहे का बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. तुमचं ऑपरेशन आणि तुमचं इस्पितळ यादीत आहे का, हे त्या इस्पितळाच्या खिडकीवर दहा मिनिटांत कळतं. बांबोळीला गोमेकॉच्या अस्थिरोग विभागात एकदा दाखवून घ्या. दुसऱ्या सर्जनचं मत मिळेल आणि दांडा लागेल की नाही तेही कळेल.

आता पुढचं काम. खालचा मजकूर मास्तरांकडून पोर्तुगीजमध्ये करून घ्या आणि भावाला त्याच्या ईमेलवरून पाठवायला सांगा. फोनवर विचारू नका. फोनवरचं ‘हो’ बिलावर दिसत नाही. पाठवण्याआधी एक करा: मास्तरांचं पोर्तुगीज भावाला दाखवा, पण तुमचं मराठी त्याला देऊ नका. त्याने ते वाचून प्रत्येक प्रश्न तुम्हाला उलट मराठीत सांगायचा. जिथे दोघांचं जुळत नाही ते वाक्य मोडून दोन सोपी वाक्यं करा. ‘आसेर्तु’सारखी ओळ याच पद्धतीने सापडली असती.

*“आपण पाठवलेल्या खर्चाच्या अंदाजाबद्दल पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. सोबत पेशंटचे उभे राहून काढलेले एक्स-रे जोडत आहोत. सर्जनने ते पाहून कोणत्या प्रकारचा सांधा लागेल ते कळवावे. सांध्याच्या १,७०० युरोंत किती भाग धरले आहेत, बोन सिमेंट त्यात आहे का, आणि उत्पादक व मॉडेल कोणते? प्रत्यक्ष साहित्य स्वस्त लागल्यास फरक परत मिळेल का? महाग लागणार असल्यास ऑपरेशनपूर्वी आमची लेखी संमती घेतली जाईल का? तीन दिवस कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत मोजले जातात, आणि दाखल करण्याची वेळ कोणती? जादा दिवसाचा दर किती, आणि त्यात नर्सिंग, औषधे, डॉक्टरांच्या भेटी व फिजिओथेरपी येते का? ऑपरेशननंतरची देखरेखीची रात्र तीन दिवसांत मोजली जाते का? कोणत्या परिस्थितीत पॅकेज लागू राहणार नाही? टाके काढणे आणि पहिली फेरतपासणी यात समाविष्ट आहे का? अनामत रकमेतील शिल्लक किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत होते?”*

हाच मजकूर, अनामतीची ओळ आणि युरोचा आकडा बदलून, पणजीच्या इस्पितळालाही द्या. मराठीत दिला तरी चालेल. दोन्हीकडची उत्तरं आली की त्याच तीन रकान्यांत लिहा आणि तिसऱ्या रकान्यात कोणाचं किती उरतं ते बघा. कोणी एखाद्या प्रश्नाला ‘ते तेव्हा बघू’ म्हणालं, तर ते उत्तरही तसंच लिहून ठेवा.

तुमच्या कागदावर तारखेपासून ६० दिवसांची मुदत आहे आणि त्यातले जवळपास तीन आठवडे गेलेत. मुदत संपली तर सुधारित अंदाज मागा, त्याने काही अडत नाही. घाई करायचीच असेल तर एक्स-रेची करा. तो या आठवड्यात निघाला तर दोन्ही सर्जनांना एकाच वेळी दाखवता येईल.